डब्यावरचे चोवीस ग्रॅम

आपल्या जिमच्या काउंटरमागचं काचेचं कपाट रिकामं आहे. "सर, माल संपला का? परत कधी येणार?" असं रोज कुणी ना कुणी विचारतं. माल संपलेला नाही, मी तो मागवणंच बंद केलं आहे. व्हे प्रोटीन, मास गेनर, प्री-वर्कआउट यांतलं काहीही यापुढे आपल्याकडे विकत मिळणार नाही. डब्याच्या आत लेबलवर लिहिलंय तेच आहे का, हे मला तपासता येत नाही. आणि जे मला तपासता येत नाही, ते "सरांनी दिलंय" या भरवशावर तुमच्या पोटात जाऊ देणं मला पटत नाही.

एवढं सांगून भागत नाही, असा अनुभव आहे. काहींनी याचा अर्थ "पावडर म्हणजे विषच" असा काढला, तर काहींना वाटलं की सरांना होलसेलरकडून मार्जिन कमी मिळालं असणार. दोन्ही खरं नाही. व्हे हा दुधाचाच भाग आहे. चीज किंवा पनीर करताना जे हिरवट पाणी सुटतं ते गाळून, त्यातली साखर आणि मीठ कमी करून, वाळवून ही पावडर होते. ती चांगली असेल तर पोटाला दुधाइतकीच ओळखीची. अडचण त्या 'असेल तर' मध्ये आहे. म्हणून हा सविस्तर मजकूर. आपल्या सदस्यांसाठी लिहिला आहे, पण कुठल्याही जिममधून डबा घेणाऱ्याला तो लागू पडेल.

बाहेरून काय कळतं

आपल्या कोल्हापुरात गंगावेशीत म्हैस समोर उभी असते, धार समोर काढली जाते आणि फेसाळलेला पेला हातात येतो. तालमीतला खुराकही असाच डोळ्यांदेखत तयार व्हायचा. प्रोटीनच्या डब्याचं तसं नाही. त्यातलं दूध बहुधा दुसऱ्या देशातलं, वाळवण तिसरीकडे, चव आणि रंग मिसळणं चौथीकडे, आणि मग आयातदार, वितरक, होलसेलर असं करत तो आपल्या गावात येतो. शेवटच्या टोकाला मी उभा. माझ्या हातात तपासायला तीनच गोष्टी उरतात : सील, लायसन्स नंबर आणि बिल.

सील म्हणजे झाकणाखाली चिकटवलेली चकाकती फॉइल. ती फाटलेली नसली, की डबा उघडलेला नाही असं आपण धरतो. पण रिकामा डबा मिळाला तर त्यावर नवी फॉइल बसवणं कठीण नाही. त्यासाठीची यंत्रं लोणच्याच्या आणि औषधाच्या बरण्यांसाठी बाजारात सर्रास मिळतात. प्रश्न रिकामा डबा मिळण्याचा असतो, आणि तो भंगारात मिळतो. नामांकित ब्रँडचा, झाकणासकट, लेबल न फाटलेला डबा भंगारवाल्याकडे गेला की त्यात पुन्हा काय भरलं जाईल याचा नेम नाही. तुमच्या घरी डबा संपला तर त्यात डाळ-तांदूळ भरा, किंवा लेबल फाडून डब्याला चाकूने चीर द्या आणि मगच टाका. डुप्लिकेट माल रोखायला एवढं तरी आपल्या हातात आहे.

दुसरा लायसन्स नंबर. प्रत्येक डब्यावर एफएसएसएआयचं चिन्ह आणि चौदा आकडी नंबर असतो. आयात मालावर आयातदाराचा वेगळा स्टिकर असतो. त्यावर त्याचं नाव, पत्ता, नंबर आणि एमआरपी छापलेली असते. परदेशी डब्यावर असा स्टिकर नसेल, तर तो रीतसर मार्गाने आलेला नाही असं समजावं. हा नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर टाकला की लायसन्स कोणाच्या नावावर आहे आणि ते चालू आहे का, ते दिसतं. डब्यावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळलं नाही, तर तिथेच थांबायचं.

पण नाव जुळलं म्हणजे काय सिद्ध झालं? त्या माणसाला अन्नपदार्थांचा धंदा करायची परवानगी आहे, एवढंच. बरेच जण चिन्ह पाहून म्हणतात, "सर, सरकारने पास केलंय." तसं नसतं. हा नंबर व्यवसायाचा असतो, समोरच्या डब्याचा नसतो. चहाच्या टपरीलाही नोंदणी लागते. तिचा नंबर बघून आजचा चहा चांगला झालाय की नाही हे कळत नाही, तसंच हे. सरकारी अधिकारी बाजारातून नमुने उचलतात आणि तपासतात, पण प्रत्येक बॅचचा डबा तपासूनच दुकानात सोडला जातो अशी व्यवस्था नाही.

तिसरं बिल. पक्कं बिल, त्यावर बॅच नंबर, आणि विकणाऱ्याचा जीएसटी नंबर असेल, तर काही झालं तर माग काढता येतो. बिलाशिवाय येणाऱ्या मालात निम्म्याहून जास्त सूट मिळत असली, तर ती सूट आयातशुल्क आणि कर भरणाऱ्याला परवडणारी नसते. ती कुठून येते याचा विचार केला की डबा घ्यायची इच्छा आपोआप कमी होते. तरीही बिल मालाचा रस्ता सांगतं, मालातला ऐवज सांगत नाही.

सील, नंबर, बिल हे तिन्ही बरोबर असलेला डबाही आतून खोटा असू शकतो, आणि तोही कुणी डुप्लिकेट न करता. मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे.

मोजणीतली पळवाट

डब्यावर 'एका स्कूपमध्ये २४ ग्रॅम प्रोटीन' असं लिहिलेलं असतं. हे चोवीस ग्रॅम कोणी आणि कसे मोजले? प्रोटीन थेट मोजण्याऐवजी प्रयोगशाळा बहुधा नायट्रोजन मोजते. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल या रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ही पद्धत जाहीर केली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा, त्यातला नायट्रोजन वेगळा काढून मोजायचा आणि आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. प्रोटीनमध्ये साधारण सोळा टक्के नायट्रोजन असतो, आणि शंभराला सोळाने भागलं की ६.२५ येतात. तेल, साखर, स्टार्च यांत नायट्रोजन नसतो, म्हणून हिशेब जमतो. पद्धत स्वस्त आहे, जुनी आहे आणि प्रामाणिक मालासाठी उत्तम आहे. आज तिच्या जागी पदार्थ जाळून नायट्रोजन मोजणारी यंत्रंही आली आहेत, पण गुणाकार तोच.

यात एक भोक आहे. नायट्रोजन प्रोटीनमधून आला की दुसऱ्या कशातून, हे या मोजणीला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये याच भोकातून अनर्थ झाला. दुधात पाणी घालून ते वाढवलं गेलं आणि प्रोटीन कमी भरू नये म्हणून त्यात मेलामाइन हे प्लास्टिक उद्योगातलं रसायन टाकलं गेलं. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो, त्यामुळे मोजणीत ते भरपूर प्रोटीन म्हणून दिसतं. बाळांच्या दूध पावडरीतून ते सुमारे तीन लाख मुलांच्या पोटात गेलं. त्यांच्या मूत्रपिंडात खडे झाले आणि सहा बाळं दगावली.

प्रोटीन पावडरीत मेलामाइन टाकायची गरजच पडत नाही, कारण खाण्यासारख्या आणि कायद्याने चालणाऱ्या पदार्थांतूनही हेच साधतं. ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन ही त्यांतली नेहमीची नावं. प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ग्लायसिन हा त्या साखळीतला सगळ्यात लहान मणी आहे. तो सुटा विकत मिळतो, व्हेपेक्षा स्वस्त असतो आणि चवीला गोड लागतो. त्याच्या वजनात सुमारे १८.७ टक्के नायट्रोजन आहे. त्याला ६.२५ ने गुणलं की एक ग्रॅम ग्लायसिन कागदावर १.१७ ग्रॅम 'प्रोटीन' होतं. पाण्याच्या एका कणासह विकलं जाणारं नेहमीचं क्रिएटिन तर ग्रॅमला पावणेदोन ग्रॅम 'प्रोटीन' दाखवतं. धंद्यात याला अमिनो स्पायकिंग म्हणतात.

कागदावर हिशेब कसा बसतो ते एका स्कूपवर पाहू. ही कुठल्या एका ब्रँडची गोष्ट नाही, मी मांडलेलं गणित आहे. तेहेतीस ग्रॅमचा स्कूप घ्या. त्यात साडेबावीस ग्रॅम व्हे कॉन्सन्ट्रेट आहे. त्यात ऐंशी टक्के प्रोटीन धरलं तर खरं प्रोटीन झालं अठरा ग्रॅम. आता त्यात चार ग्रॅम ग्लायसिन मिसळा, मोजणीत ४.७ ग्रॅम वाढतील. एक ग्रॅम क्रिएटिन घाला, आणखी १.८ वाढतील. बेरीज साडेचोवीस. उरलेल्या साडेपाच ग्रॅममध्ये कोको, फ्लेवर, गोडी आणि माल्टोडेक्स्ट्रिन. डब्यावर बिनदिक्कत '२४ ग्रॅम' छापता येतं. नायट्रोजनची तपासणी करणारी प्रयोगशाळा त्यावर शिक्कामोर्तबही करेल, आणि तिने काही खोटं केलेलं नसेल. स्नायूला मात्र अठराच ग्रॅम मिळाले. म्हणजे प्रत्येक डब्याचा चौथा हिस्सा तुम्ही फुकट घालवला.

कोणी म्हणेल, ग्लायसिनही अमिनो आम्लच ना? आहे, पण ते शरीर स्वतः तयार करतं. स्नायू बांधायला जी नऊ आवश्यक अमिनो आम्लं बाहेरूनच घ्यावी लागतात, त्यांत ते नाही. व्हेला किंमत आहे ती त्यातल्या ल्यूसिनमुळे, कारण स्नायू बांधण्याचं काम सुरू करायची खूण शरीराला तेच देतं. ग्लायसिनने ल्यूसिनची जागा भरत नाही.

लेबल वाचायचं कसं

स्पायकिंग केलेला डबा घरी बसून शंभर टक्के ओळखता येत नाही, पण संशयाला जागा आहे का, हे बरंच कळतं. घटकांची यादी आधी पाहा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. साध्या व्हेच्या यादीत ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन, ग्लुटामाइन यांतलं नाव सुटं आलं, किंवा 'अमिनो ब्लेंड' असं मोघम लिहिलं असेल, तर ते प्रोटीनच्या आकड्यात धरलंय की वेगळं, हे कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. लिहिलं नसेल तर धरलंय असं समजा.

मग अमिनो आम्लांचा तक्ता शोधा. चांगल्या व्हेच्या प्रोटीनमध्ये सुमारे दहा टक्के ल्यूसिन असतं, म्हणजे २४ ग्रॅमला साधारण अडीच ग्रॅम. तक्त्यात ते दोनच्या खाली असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. ग्लायसिनचं उलट. व्हेमध्ये ते दोन टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे २४ ग्रॅमला जेमतेम अर्धा ग्रॅम. तिथे दोन-तीन ग्रॅम दिसले, तर ते व्हेमधून आलेले नाहीत. तक्ताच नसेल, तर तुलना करायला काही उरत नाही आणि मी असा डबा घ्या म्हणणार नाही.

एक साधा हिशेबही करून पाहा. स्कूपचं वजन गुणिले स्कूपची संख्या, हे डब्यावरच्या निव्वळ वजनाशी जुळलं पाहिजे. आणि प्रोटीनच्या ग्रॅमला स्कूपच्या वजनाने भागा. मास गेनरमध्ये ही टक्केवारी पंधरा-वीसपर्यंत खाली आलेली दिसते. म्हणजे तुम्ही मोठ्या डब्यात प्रामुख्याने माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटपट पचणारी पावडर विकत घेता. हे लेबलवर लिहिलेलं असतं, त्यामुळे ती फसवणूक नाही. पण त्या पैशात घरी किती केळी, दूध आणि शेंगदाणे आले असते, ते आईला विचारा.

या सगळ्याची मर्यादाही सांगतो. तक्ता छापणारे तेच आणि प्रोटीनचा आकडा छापणारेही तेच. आकडा वाढवून लिहिणाऱ्याला ल्यूसिनचा रकाना सुधारून लिहायला कितीसा वेळ लागतो?

गरम पाणी आणि आयोडीन

सध्या मोबाइलवर घरगुती तपासणीचे व्हिडिओ फिरतात. एका ग्लासात गरम पाणी घ्या, पावडर टाका, गुठळ्या झाल्या तर ओरिजिनल. यात तथ्य एवढंच, की व्हेचं प्रोटीन सत्तर अंशांच्या वर उकलतं आणि गोळा होतं. गुठळी झाली म्हणजे आत काहीतरी व्हे आहे. अठरा ग्रॅम आहे की चोवीस, हे गुठळी सांगत नाही. ग्लायसिन तर पाण्यात निमूट विरघळून जातं.

आयोडीनचंही तसंच. मैदा किंवा कॉर्नस्टार्च मिसळला असेल तर आयोडीनचा थेंब निळाजांभळा होतो. ही शाळेतली चाचणी आहे आणि तेवढ्यापुरती ती खरी आहे. पण माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये स्टार्चच्या साखळ्या इतक्या तुटलेल्या असतात, की रंग नीट येतच नाही. म्हणजे अगदी अडाणी भेसळ पकडली जाते आणि हुशार भेसळ सुटते. उलट ही चाचणी पास झाली, की माणूस बिनघोर होतो. मला त्याचीच जास्त काळजी वाटते.

न छापलेले घटक

प्रोटीन कमी भरलं तर नुकसान पैशाचं होतं. लेबलवर नसलेलं काही आत असलं तर शरीराचं होतं. जर्मनीतल्या कोलोन इथल्या उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मदतीने तेरा देशांतून ६३४ सप्लिमेंट विकत घेऊन तपासली होती. हार्मोन आहे असं लेबलवर लिहिलेलं एकही सप्लिमेंट त्यांत घेतलं नव्हतं. २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातल्या ९४ मध्ये, म्हणजे दर सातांत एकात, शरीरात पुरुषी हार्मोनसारखं काम करणारी द्रव्यं सापडली होती. काही ठिकाणी ती मुद्दाम मिसळलेली नसतात. एकाच यंत्रावर आधी हार्मोनची गोळी आणि नंतर साधं सप्लिमेंट तयार झालं, आणि यंत्र नीट धुतलं नाही, एवढंही पुरतं. स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. उत्तेजक चाचणीत नमुना पॉझिटिव्ह आला, तर 'डब्यावर लिहिलं नव्हतं' हे कारण खेळाडूला वाचवत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी नियमांनी त्याच्यावरच टाकली आहे.

अलीकडचं आणि घरचं उदाहरण केरळचं. यकृतविकारतज्ज्ञ डॉ. सिरिअॅक अॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. त्यांत वनौषधी मिसळलेल्याही होत्या. हा अभ्यास २०२४ मध्ये 'मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे सत्तर टक्के पावडरींमध्ये लेबलवरचं प्रोटीन आणि प्रत्यक्षातलं प्रोटीन जुळलं नाही, आणि काहींत ते लिहिल्याच्या निम्म्यावर होतं. चौदा टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष सापडलं. ओलसर शेंगदाण्यावर धरते त्या बुरशीचं हे विष असून ते यकृताला घातक आहे. आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश होते. छत्तीस म्हणजे सगळा बाजार नव्हे, आणि त्यात नीट उतरलेल्याही पावडरी होत्या. पण माझ्या कपाटातल्या कुठल्या डब्याची जागा कोणत्या बाजूला, हे मला सांगता आलं असतं का? नाही.

शरीराकडून कळणाऱ्या काही खुणा मात्र असतात. 'नुसती पावडर' घेऊन महिन्याभरात पाच-सहा किलो वजन वाढलं, तोंड सुजल्यासारखं दिसू लागलं, पाठीवर पुरळ आली, रक्तदाब चढला, मुलाच्या छातीत दुखरी गाठ लागली, तर त्या पावडरीत प्रोटीनखेरीज काहीतरी आहे असं समजा. डबा बंद करा, पण फेकू नका. डॉक्टरांकडे जाताना तो बरोबर न्या. लघवी गडद होणं किंवा डोळे पिवळे होणं ही तर यकृताची ओरड असते, तिथे एक दिवसही थांबायचं नाही.

मी काय मागितलं

विक्री बंद करण्याआधी ज्यांच्याकडून माल घ्यायचो, त्यांना मी एकच गोष्ट मागितली : या बॅचचा रिपोर्ट. कंपनीच्या प्रयोगशाळेचा नव्हे, बाहेरच्या, एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा. अशा रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह आणि यूएलआरने सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक असतो. त्यावरचा बॅच नंबर डब्याच्या बॅच नंबरशी तंतोतंत जुळायला हवा. तपासणी नुसत्या नायट्रोजनची नको. अमिनो आम्लांचा पूर्ण तक्ता हवा, सुटी अमिनो आम्लं वेगळी मोजलेली हवीत, आणि शिसं, कॅडमियम, अफ्लाटॉक्सिन यांचे आकडे हवेत. सुटं ग्लायसिन वेगळं मोजलं, की स्पायकिंग लपत नाही. साखळीतला मणी आणि सांडलेला मणी तिथे वेगवेगळे दिसतात.

मला जे कागद आले ते तीन प्रकारचे होते. काही दुसऱ्याच, जुन्या बॅचचे होते. काहींत प्रोटीनचा एकच आकडा होता आणि पद्धतीच्या रकान्यात केल्डाल लिहिलं होतं. काही ठिकाणी "एवढा मोठा ब्रँड आहे सर, रिपोर्ट कशाला?" एवढंच उत्तर आलं. मी स्वतः तपासून घ्यावं म्हटलं, तर पूर्ण तपासणीला एका नमुन्यामागे काही हजार रुपये जातात. आपल्याकडे एकेका बॅचचे मोजकेच डबे येतात, चवी आणि ब्रँड वेगळे. प्रत्येक वेळी तपासायचं तर डब्याची किंमत दीडपट होईल, आणि न तपासता विकायचं तर पुन्हा तोच भरवसा. एक बॅच तपासून वर्षभर तो कागद भिंतीवर लावणं मला जमणार नाही, कारण पुढच्या बॅचचं व्हे दुसरीकडून आलेलं असू शकतं.

एक मार्ग उरतो. क्रीडाक्षेत्रासाठी बॅचनिहाय तपासणी करणाऱ्या स्वतंत्र संस्था आहेत. 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' आणि 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' ही त्यांतली जगभर मानली जाणारी नावं. त्यांचं चिन्ह डब्यावर छापलेलं असून चालत नाही. त्यांच्या यादीत तो पदार्थ आहे का, तेही पाहावं लागतं, आणि 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'च्या बाबतीत तर बॅच नंबरही तिथे शोधता येतो. असे डबे महाग असतात आणि आपल्या गावात क्वचित मिळतात. ज्याला स्पर्धेसाठी घ्यायचंच आहे, त्याने ते स्वतः, पक्क्या बिलाने मागवावेत. तपासायला मी शेजारी बसेन. पण त्यावर मी नफा घेणार नाही, कारण ट्रेनरला डब्यामागे कमिशन मिळू लागलं, की "तुला याची गरज नाही" हे वाक्य त्याच्या तोंडून निघणं अवघड होतं.

मग प्रोटीन कुठून?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असाच सल्ला दिला आहे. साध्या निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. वजनं उचलणाऱ्याला जास्त लागतं, पण किलोमागे साधारण १.६ ग्रॅमच्या पुढे स्नायूंत फारशी भर पडत नाही, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. म्हणजे सत्तर किलोच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या मुलाला एकशे दहा-बारा ग्रॅम पुरे.

हे शाकाहारी घरात कसं बसतं ते मांडून देतो. दिवसाला अर्धा लिटर दूध म्हणजे सोळा ग्रॅम. डाळ आणि मटकीची उसळ मिळून ऐंशी ग्रॅम कच्चं कडधान्य, त्याचे अठरा. पाच-सहा चपात्यांचे वीस. शंभर ग्रॅम पनीरचे अठरा. पन्नास ग्रॅम सोया चंक्सचे सव्वीस. मूठभर फुटाणे आणि शेंगदाण्यांचे दहा. बेरीज एकशे आठ. अंडी खाणाऱ्याला प्रत्येक अंड्याचे सहा ग्रॅम मिळतात, आणि शंभर ग्रॅम चिकनचे बावीस-तेवीस. मग पनीर-सोयाची गरज कमी होते. हा आहार मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी नाही. त्यांनी प्रोटीनचा आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा.

ज्यांना कामाच्या वेळांमुळे एवढं खाणं जमत नाही, त्यांनी पावडर घेऊ नये असं मी म्हणत नाही. दूर राहणारी, मेसमध्ये जेवणारी मुलं आहेत, पाळीत काम करणारे आहेत. त्यांच्यासाठी एक स्कूप ही सोय आहे. फक्त ती सोय विकत घेताना सील, नंबर, बिल, घटकांची यादी आणि अमिनोचा तक्ता हे सगळं पाहा, आणि शंका आली तर डबा उघडण्याआधी मला दाखवा. भेसळ किंवा डुप्लिकेटचा संशय आला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यासाठी बिल आणि उरलेल्या पावडरीसह डबा जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

आधी माझ्याकडून घेतलेले, अजून सील न फोडलेले डबे कुणाकडे असतील, तर ते परत आणा. पूर्ण पैसे परत मिळतील. आणि उद्या एखादा वितरक डब्याबरोबर त्याच बॅचचा, सुटी अमिनो आम्लं वेगळी मोजलेला रिपोर्ट देऊ लागला, तर त्याचे डबे पुन्हा काउंटरवर येतील. रिपोर्टची प्रत शेजारी लावलेली असेल. बॅच नंबर तुम्ही स्वतः जुळवून बघा आणि मगच पैसे द्या.